संध्याकाळचा स्कूप आणि रात्रीची झोप

"जयभीम ताई. आमचं पोरगं रातभर झोपत नाही वो. दारू नाही, खर्रा नाही, कायचंच व्यसन नाही त्याले. मंग असं कायले होते?"

अमरावतीच्या एका वस्तीत आरोग्य तपासणी चालू होती. रक्तदाब मोजून घ्यायला आलेल्या एका आईने आम्हाला हा प्रश्न विचारला. तिच्या मते दोष मोबाइलचा होता. आम्ही मुलाला बोलावून घेतले. वय 20, वजन 60 किलो, पोलीस भरतीची तयारी चालू. पहाटे पाचला ग्राउंड, दिवसभर दुकानात काम आणि संध्याकाळी सातला जिम, असा त्याचा दिवस. रात्री साडेदहा-अकराला अंथरुणावर पडतो, पण एक-दीड वाजेपर्यंत डोळा लागत नाही. लागला तरी मधूनमधून जाग येते. महिनाभर असेच चालले होते. 1600 मीटरची वेळ कमी होण्याऐवजी वाढत चालली होती. तो आम्हाला म्हणाला, "ताई, झोपेची एखादी गोळी सांगा न."

गोळी लिहून देण्याचा अधिकार आम्हा नर्सना नाही. तो असता तरी आम्ही आधी हेच विचारले असते, की संध्याकाळी काय पितोस? तो म्हणाला, "काही नाही ताई, फक्त प्रोटीन." आम्ही त्याला डबा आणायला सांगितले. डबा आला, आणि त्यात प्रोटीन नव्हतेच. ती प्री-वर्कआउट पावडर होती.

आमच्या वस्त्यांमध्ये हा गोंधळ आम्ही सारखा पाहतो, म्हणून आधी तो दूर करू. प्रोटीन पावडर म्हणजे दूध, सोया अशा पदार्थांतून काढलेली प्रथिने. ती गरजेची आहे का, हा वेगळा विषय. पण साधी प्रोटीन पावडर झोप उडवत नाही. प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाच्या अर्धा तास आधी पाण्यात घालून प्यायची पावडर. तिच्यात काम करणारा मुख्य घटक बहुतेक वेळा कॅफिन हाच असतो. जिमच्या काउंटरवर दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर पिळदार दंडाचे चित्र असते, आणि घरी आईला सांगताना दोन्हींचे नाव "प्रोटीन" होते.

डब्यावर काय लिहिले होते

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत एका सर्व्हिंगमध्ये 200 मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे लिहिले होते. त्या डब्याची एक सर्व्हिंग म्हणजे एक स्कूप. बाजारातल्या पावडरींमध्ये हा आकडा साधारण 150 ते 300 च्या दरम्यान सापडतो. घरचा एक कप चहा धरला तर त्यात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे हा मुलगा रोज संध्याकाळी साडेसहाला किमान चार कप चहा एका घोटात पीत होता. त्याच्या आईने त्याला त्या वेळी चार कप चहा कधीच दिला नसता.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळच्या कॅफिनची मर्यादा सांगितली. शरीराच्या दर किलोमागे साधारण 3 मिलिग्रॅम. 60 किलोच्या या मुलासाठी ती 180 होते. त्याचा एक सपाट स्कूपच तिच्यावर जात होता. जिममधले त्याचे काही मित्र तर दोन स्कूप घेत होते.

शिवाय दुपारी चारच्या सुमारास डोळे जड झाले, की तो पानठेल्यावरून वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली घ्यायचा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालते. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त 75. एकट्या बाटलीचा हा आकडा फार मोठा वाटत नाही. पण ती एकटी नव्हती, तिच्यामागून अडीच तासांनी स्कूप येत होता.

कॅफिन लपते कसे, हेही समजून घ्या. प्रत्येक डब्यावर सरळ "कॅफिन" लिहिलेले असेल असे नाही. ग्वाराना नावाच्या बियांचा अर्क, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, ग्रीन कॉफी ही नावे वाचून कुणाला वाटेल की हे वनस्पतीचे आहे, चांगले असेल. त्या सगळ्यांत कॅफिनच असते आणि शरीर त्यात भेद करीत नाही. काही डब्यांवर पाच-सात घटकांची एकत्र नावे देऊन सगळ्यांचे मिळून एकच वजन लिहितात. त्याला "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणतात. त्यातले कॅफिन किती, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. असा डबा घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक फसगत मापाची. स्कूप सपाट भरला तर लिहिलेले प्रमाण, शिगोशीग भरला तर सहज सवापट-दीडपट. आणि जिममध्ये मोठ्या डब्यातून पुडी बांधून एक-एक स्कूप सुटा विकतात, तेव्हा तर लेबलच हातात येत नाही. कोणती पावडर, किती जुनी, किती कॅफिन, काहीच कळत नाही.

मुलाने आम्हाला अजून एक गोष्ट सांगितली. "पावडर पेल्यावर अंगाले मुंग्या येतात ताई, म्हणजे ती काम करते." त्या मुंग्या कॅफिनच्या नाहीत आणि ताकदीच्याही नाहीत. अशा पावडरींत बीटा-अॅलनिन नावाचा घटक घालतात. तो एकदम जास्त गेला की चेहरा, मान, हात यांच्या कातडीला काही वेळ झिणझिण्या येतात. त्या सहसा धोक्याच्या नसतात. पण पोरांचा विश्वास त्या झिणझिण्यांवर बसतो आणि झोप उडवणाऱ्या घटकाकडे कुणी बघत नाही.

रात्री साडेअकराचा हिशेब

आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते जितके साठेल तितकी झोप दाटते. मेंदूच्या पेशींवर त्याला बसायला ठरलेल्या जागा असतात. कॅफिन येऊन त्या जागा अडवून बसते. थकवा तेवढाच असतो, अॅडेनोसिनही तेवढेच साठलेले असते, फक्त त्याचा निरोप मेंदूला पोहोचत नाही. आपल्याला वाटते की ताकद आली.

हे कॅफिन जाते कधी? निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून अर्धे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. उरलेल्याचे अर्धे जायला आणखी पाच तास. आता या मुलाचा हिशेब करू. साडेसहाच्या 200 मिलिग्रॅमपैकी रात्री साडेअकराला 100 शिल्लक. चारच्या बाटलीतले साधारण 25 शिल्लक. एकूण 125. घरचा चहा आम्ही यात धरलेलाच नाही. म्हणजे अंथरुणावर पडल्यावर त्याच्या अंगात एका कडक कॉफीच्या कपापेक्षा जास्त कॅफिन फिरत होते. पहाटे साडेचारला ग्राउंडसाठी गजर वाजतो, तेव्हाही 60 च्या वर उरलेले असते. अशा अंगाला झोपेची गोळी देणे म्हणजे ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबणे होय.

पाच तास हा सरासरी आकडा आहे. कुणाला तीन तास लागतात, कुणाला आठ. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हा वेळ जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहून वाढतो. म्हणून "माझा मित्र घेते, त्याले काही होत नाही" हा पुरावा नव्हे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 24 अभ्यास एकत्र करून 2023 साली "स्लीप मेडिसिन रिव्ह्यूज" या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला. कॅफिनमुळे रात्रीची झोप सरासरी 45 मिनिटांनी कमी होते. झोप कमी होऊ द्यायची नसेल तर साधारण 107 मिलिग्रॅमची एक कप कॉफी झोपेच्या किमान 8.8 तास आधी घ्यावी, आणि साधारण 217 मिलिग्रॅम कॅफिनची प्री-वर्कआउटची एक मात्रा किमान 13.2 तास आधी. हे घड्याळात बसवून पाहा. रात्री साडेदहाला झोपायचे असेल तर स्कूप सकाळी सव्वानऊच्या आत घ्यायला हवा. ज्या वेळी आपली पोरे जिमला निघतात, त्या संध्याकाळी घ्यायला योग्य अशी वेळच उरत नाही.

इथे पोरे आम्हाला हमखास सांगतात, "ताई, मले तर पावडर पिऊनही झोप लागते." लागत असेल. पण झोप लागणे आणि झोप पुरी होणे यात फरक आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी 2013 साली 12 निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिले. यंत्राने मोजले तर झोप एक तासाहून जास्त कमी झाली होती. पण त्याच माणसांनी स्वतःच्या वहीत झोपेची जी नोंद केली, त्यात एवढी घट दिसलीच नाही. गेलेला तास त्यांना कळलाच नव्हता. आमच्या रात्रपाळीच्या वर्षांत आम्हीही हे भोगले. पहाटे तीनला वॉर्डात कडक चहा घ्यायचा, सकाळी घरी येऊन झोपायचे, आणि दुपारी उठल्यावर अंग का मोडले आहे ते कळायचे नाही.

भरतीच्या पोराला ही झोप किती महाग पडते

कॅफिनने काहीच होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. धावण्याला, दम टिकवण्याला कॅफिनची थोडी मदत होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण ती मदत त्या तासापुरती. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो आणि त्यांची दुरुस्ती नंतरच्या विश्रांतीत होते. वाढीचे संप्रेरक शरीरात मोठ्या प्रमाणात सुटते ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. संध्याकाळचा स्कूप नेमका त्याच झोपेवर घाव घालतो.

पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची. दिवसा वाचलेले गणित आणि सामान्य ज्ञान डोक्यात पक्के बसते तेही झोपेत. जो मुलगा गोळाफेकीच्या जोरासाठी संध्याकाळी पावडर घेतो, तो मैदानाचे दोन गुण वाढवायला जातो आणि लेखीचे गमावून बसतो. मग सकाळी झोप अपुरी म्हणून दुपारी बाटली, बाटली उतरली म्हणून संध्याकाळी स्कूप, स्कूपमुळे परत जागरण. वर शरीराला सवय लागते आणि एका स्कूपचा जोर येईनासा होतो. दीड-दोन हजारांचा डबा मग महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपतो. हा पैसा कुणाच्या घामाचा आहे, ते पोरांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे पोरे संध्याकाळीच जिमला जातात, याला कारण आहे. दिवसा काम, आणि उन्हाळ्यात वऱ्हाडाचे ऊन. एप्रिल-मेमध्ये दुपारी लोखंड उचलायची सोय नसते. म्हणून जिमची वेळ बदला, असा सल्ला आम्ही देत नाही. व्यायाम संध्याकाळीच करा, पावडर तेवढी सोडा. व्यायामाआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे खा, पाणी भरपूर प्या. कॅफिन हवेच असेल तर सकाळच्या ग्राउंडआधी एक कप कोरी कॉफी घ्या. दोन-तीन रुपयांत काम होते, आणि रात्रीपर्यंत त्यातले फारसे काही उरत नाही.

सोडताना काय होते

त्या मुलाला आम्ही एकदम बंद कर असे सांगितले नाही. रोजची सवय असलेले कॅफिन अचानक थांबले, की 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते. अंग गळते, चिडचिड होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि तो आठ-नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. इथेच पोरे फसतात. त्यांना वाटते, पावडरीशिवाय आपण कमजोर आहोत. ती कमजोरी नाही, सवय सुटतानाचा त्रास आहे, आणि तो जातो.

म्हणून आधी दुपारची बाटली बंद केली. संध्याकाळचा स्कूप चार दिवस अर्धा, पुढचे चार दिवस पाव, मग बंद. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "डोकं लय दुखून राह्यलं ताई." पाणी पी, लवकर पड आणि दम धर, एवढेच सांगितले. दोन आठवड्यांनी आई विहारात भेटली. म्हणाली, "आता दहा वाजता जांभया देते." धावण्याची वेळ लगेच सुधारली नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण पहाटे उठवायला आईला तीनदा हाका माराव्या लागत नाहीत.

मात्र काही लक्षणे थांबून पाहण्यासारखी नसतात. पावडर किंवा ड्रिंक घेतल्यावर छाती जोरात किंवा वेडीवाकडी धडधडणे, छातीत दुखणे, हातपाय थरथरणे, वारंवार उलट्या, चक्कर येऊन पडणे किंवा झटका. असे झाले तर लिंबूपाणी पाजत बसू नका. 108 ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार गाठा. डबा किंवा बाटली सोबत न्या आणि किती घेतले ते खरे सांगा. ज्याला हृदयाचा आजार, रक्तदाब किंवा फिट्स आहेत, त्याने या वस्तूंना हातच लावू नये.

डब्यावर वेळ कोण लिहिणार?

जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत आमदार सत्यजित तांबे यांनी एनर्जी ड्रिंकचा प्रश्न मांडला. शाळेच्या 500 मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांच्या विक्रीला बंदी करू, असे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सभागृहात सांगितले. विचार चांगला आहे. पण भरतीची तयारी करणारा 20 वर्षांचा मुलगा शाळेच्या फाटकाबाहेर उभा नसतो. तो जिमच्या काउंटरवर असतो, आणि तिथले अंतर कुणी मोजत नाही.

बाटलीवर आज काही इशारे छापावेच लागतात. कॅफिन जास्त आहे, लहान मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांनी घेऊ नये, दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त पिऊ नये. पण किती वाजल्यानंतर घेऊ नये, हे त्या इशाऱ्यांत नाही. झोपेचे नुकसान प्रमाणाइतकेच वेळेने होते. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बाटलीवर आणि डब्यावर एका मात्रेतले एकूण कॅफिन, ग्वारानासारख्या अर्कांतले धरून, मिलिग्रॅममध्ये, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापा. त्याखाली लिहा की दुपारनंतर घेतल्यास रात्रीची झोप कमी होते. औषधाच्या पाकिटावर वेळ सांगायचे काम डॉक्टर करतो. ही पावडर विकताना ते कुणीच करीत नाही.

कायदा होईपर्यंत वस्तीतल्या जिमवाल्यांना आमचे सांगणे आहे. काउंटरवर एक पाटी लावा. तुम्ही विकता त्या प्रत्येक पावडरीच्या एका स्कूपमध्ये किती कॅफिन आहे ते त्यावर लिहा. सुट्या पुड्या बंद करा. त्यांच्यावर ना लेबल असते, ना 14 अंकी परवाना क्रमांक. अशी विक्री दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते, आणि ती लिहून द्यायला आम्ही मदत करू.

आणि आईबापांनो, पोरगे रात्री जागत असेल तर मोबाइल हिसकावण्याआधी संध्याकाळी तो काय पितो ते विचारा. डबा हातात घ्या. इंग्रजी वाचता येत नसेल तर आमच्याकडे किंवा आशाताईकडे आणा. कॅफिनचा आकडा बघा, घेतल्याची वेळ बघा, पाच-पाच तासांनी अर्धे करीत झोपेच्या वेळेपर्यंत या. जे उरते, तेवढ्याने तुमच्या पोराची झोप अडवली आहे.